अनुभव धागा : ‘आलेला फोन कसा घ्यायचा’ हे आजी-आजोबांसाठी कसं लिहाल?

नागपुरातल्या आमच्या ज्येष्ठांच्या वर्गासाठी एक पान लिहितोय. मसुद्यातलं वाक्य होतं, ‘हिरवं बटण दाबा’. लोक नेमकं तेच करतात, तरी फोन लागत नाही. तुमचा अनुभव लिहा.

धरमपेठ : वाक्य अर्धंच आहे. पडदा बंद असताना फोन आला, तर बऱ्याच अँड्रॉइड फोनवर हिरवी खूण सरकवावी लागते. फोन हातात चालू असेल, तर वर छोटी पट्टी येते आणि तिथे नुसतं टेकवून भागतं. कागदावर ही दोन चित्रं वेगवेगळी हवीत, आणि चित्रं त्यांच्याच फोनची हवीत.

महाल : म्हातारी माणसं जोर कमी देतात, म्हणून होत नाही. ‘घट्ट दाबा’ असं लिहा. हिवाळ्यात बोटं कोरडी पडतात, तेव्हा तर पडद्याला स्पर्शच कळत नाही.

धरमपेठ : कोरड्या बोटाचं बरोबर आहे, नखाचंही तेच. पण पडदा जोर मोजत नाही, बोट किती वेळ टेकलंय ते मोजतो. घट्ट दाबणारा बोट जास्त वेळ ठेवतो आणि फोन त्याचा भलताच अर्थ लावतो. सेटिंग्जमधल्या ‘सुलभता’ विभागात ‘स्पर्श करून धरून ठेवण्याचा’ वेळ लांबवता येतो. आधी ते करा, मग कागद द्या.

प्रतापनगर : आमच्या आईंचा व्हिडिओ कॉलमध्ये नुसता पंखाच दिसतो. त्याचं काय लिहायचं?

सीताबर्डी : ताई, त्याला वेगळं पान लागेल. एका पानावर एकच काम ठेवा. ‘स्वाइप’ शब्द गाळून आम्ही असं लिहिलं :

‘रिंग वाजतेय. घाई नाही, ती साधारण अर्धा मिनिट वाजते. फोन टेबलावरच राहू द्या. हिरव्या खुणेवर बोटाचा मऊ भाग टेकवा. बोट न उचलता, कपाळावर गंध ओढतो तसं खालून वर न्या. मग बोट उचला. आवाज आला की फोन कानाला लावा. रिंग थांबली तरी काही बिघडलं नाही, त्यांचा नंबर फोनमध्ये राहतो.’

फोन टेबलावर ठेवायचं कारण असं, की हातात घाईने उचलताना कडेचं बटण दाबलं जातं आणि रिंगचा आवाज बंद होतो. मग त्यांना वाटतं, फोन कटला. तपासायला कागद समोर ठेवून दुसऱ्या फोनवरून रिंग द्या आणि एक शब्दही बोलू नका. जिथे बोट थांबेल, ती ओळ बदला.

महाल : हात थरथरत असेल तर? सॅमसंगच्या फोनवर आवाज वाढवायच्या बटणाने फोन घेता येतो. मी तेच लावून देतो.

सीताबर्डी : मग सुनेचा फोन वाजला की आजी तिथेही तेच बटण दाबतात.

महाल : स्वतःचा तरी घेता येतो ना.