‘अन्यत्र पाठवलेला नाही’ म्हणजे सध्या की कधीच?

जाईजुई: जात्यावरच्या ओव्यांवरचा माझा लेख एका संशोधन त्रैमासिकाला पाठवतेय. संपादकांच्या नावे सोबत पत्र मागितलंय आणि त्यात ‘सदर लेख अन्यत्र पाठवलेला नाही’ हे वाक्य हवंच म्हणे. आता पंचाईत अशी की हाच लेख गेल्या वर्षी दुसरीकडे पाठवला होता, सात महिन्यांनी साभार परत आला. मग सही केली तर खोटं होतं ना? मला हे वाक्य ‘कधीच पाठवला नाही’ असं ऐकू येतं, नवरा म्हणतो सध्यापुरतंच आहे. आणि पत्रात लेखाच्या कॉन्ट्रिब्युशनबद्दल, म्हणजे त्यात नवं काय त्याबद्दल, काय लिहू? ‘माझे योगदान’ म्हणजे स्वतःच स्वतःला शाल-श्रीफळ.

बंडूनाना: ‘अप्रकाशित’ लिहा आणि मोकळे व्हा. छापला नाही ना, संपला विषय.

रेघोट्या: नाना, अर्धंच बरोबर. एकच लेख आज तीन ठिकाणी टाकला तरी तो तिन्हीकडे अप्रकाशितच असतो की! संपादकाला भीती त्याचीच. मी काही वर्षं एका नियतकालिकाचं काम बघितलंय, तेव्हाचा किस्सा सांगते. एक लेख आम्ही तपासायला एका बाईंकडे पाठवला तर त्यांचा फोन, अहो हा तर गेल्याच आठवड्यात अमक्यांकडून आलाय माझ्याकडे. विषय छोटा, जाणकार चार, ते फुकट वाचून देतात, त्यामुळे हे उघडं पडतंच. दोन्हीकडून लेख परत गेला आणि त्या लेखकाचं पुढचं काहीही आलं की आम्ही आधी दोनदा विचार करायचो. पण जाईजुई, साभार परत आलेला लेख दुसरीकडे पाठवण्यात काहीही गैर नाही, सगळेच पाठवतात.

कोकणकडा: ‘मी जेवलेलो नाही’ म्हणजे काय जन्मात जेवलो नाही का? नवरा बरोबर आहे.

जाईजुई: आणि ‘मी काशीला गेलेले नाही’? तिथे कधीच नाही असंच होतं ना!

रेघोट्या: म्हणून वाक्यच बदला, कुणी अडवत नाही. ‘हा लेख पूर्वी कुठेही प्रसिद्ध झालेला नाही, सध्या अन्य कुठेही विचाराधीन नाही, आणि आपला निर्णय कळेपर्यंत तो अन्यत्र पाठवणार नाही.’ काल, आज, उद्या तिन्ही आले. फक्त लेख आपण होऊन मागे घेतला असेल तर तिकडून ‘मिळालं, काढून टाकला’ असं लेखी उत्तर आल्याशिवाय ‘सध्या’ लिहू नका. नुसती मेल टाकली म्हणजे लेख मागे आला असं होत नाही.

परदेशस्थ_पाटील: इकडे अमेरिकेत कायद्याच्या लॉ रिव्ह्यूंना एकच लेख एकदम बऱ्याच ठिकाणी पाठवतात आणि ते चालतं, सगळ्यांना माहीत असतं. बायकोला नोकरीच्या अर्जासोबतचं कव्हर लेटर पाहिजे होतं म्हणून हा धागा उघडला, पण हे वेगळंच निघालं :)

शुद्धमती: ‘सदर’ आधी काढा, कचेरीतला वास येतो. आणि ‘योगदान’ हिंदीतून आलंय, बंगालीत तर योगदान म्हणजे सामील होणं! आपल्याकडे ‘भर घालणे’ आहे की.

जाईजुई: ‘माझ्या लेखाने ज्ञानात भर घातली’ हे तरी कुठे बरं वाटतं?

रेघोट्या: नामच नको. काय माहीत होतं आणि आता काय कळलं ते सांगा. तुमचं नवं काय आहे?

जाईजुई: तीन गावांतल्या 140 ओव्या. भावावरच्या ओव्या माहेरच्या आठवणीच्या म्हणून वाचल्या जातात, पण बायकांशी बोलल्यावर कळलं की जमिनीच्या वाटणीचा राग त्यातच घातलेला असतो.

रेघोट्या: झालं की! ‘भावावरच्या ओव्या आजवर माहेरच्या ओढीच्या म्हणून वाचल्या गेल्या. तीन गावांतल्या 140 ओव्या आणि त्या गाणाऱ्या बायकांच्या मुलाखतींवरून त्यांत वाटणीचा रागही आहे असं या लेखात दाखवलं आहे.’ एवढंच लिहा. ‘प्रथमच’, ‘मोलाचे’ वगैरे दिसलं की संपादक भुवई उंचावतो. आणि सारांशच पुन्हा चिकटवू नका, तो लेखात असतोच.

बंडूनाना: पण पत्रात ‘सोबत हस्तलिखित जोडले आहे’ असं लिहितात ते साफ चूक. टाइप केलेलं हस्तलिखित कसं?

शुद्धमती: इंग्रजी मॅन्युस्क्रिप्टच्या पोटातही हातच आहे नाना, लॅटिन मानुस. त्यांना चालतं तर आपल्याला का नाही? बाकी ‘सादर’मध्ये आदर, ‘साभार’मध्ये आभार. आदराने जातो, आभारासकट परत येतो.

कोकणकडा: माझी कथा 2 दिवाळी अंकांत एकदमच छापून आली होती. एकाचं उत्तरच नाही म्हणून दुसऱ्याला दिली. मानधन दोन्हीकडून आलं, बोलणी पण दोन्हीकडून.

जाईजुई: यातला थोडा भाग चर्चासत्रात वाचलाय. ते ‘प्रसिद्ध’ धरायचं का?

रेघोट्या: नुसता वाचला असेल तर नाही, पण पत्रात एक ओळ टाका. निबंधांचं पुस्तक निघालं असेल तर मात्र किती भाग तोच आहे ते सांगावंच लागेल.

बंडूनाना: ‘मुद्रणप्रत’ म्हणा. हस्तलिखित नाही म्हणजे नाही.