मदत हवी आहे: लहान बालवाडीच्या भिंतीवरच्या चित्रासाठी रंग कुठले घ्यावे?

मृण्मयी_क

नमस्कार मंडळी, कराडला घराच्या तळमजल्यावर बालवाडी चालवते, 3 ते 5 वर्षांची 16 मुलं, सकाळी साडेनऊ ते साडेबारा. मुख्य खोली 14 बाय 11 फूट, उंची साडेनऊ फूट. एकच खिडकी आहे आणि तीही बोळाकडे उघडते, त्यामुळे दोन ट्यूबलाइट कायम चालू असतात. गेल्या वर्षी पेंटरच्या सांगण्यावरून फळ्याच्या भिंतीला पोपटी रंग दिला आणि बाजूला केशरी. पहिल्या दिवशी सगळ्यांना खूप आवडलं पण आता मला स्वतःला अकरापर्यंत डोकं जड होतं, मुलं गोष्ट ऐकताना सारखी चुळबुळ करतात आणि एक मुलगा आहे ज्याला गोंगाट नि उजेड दोन्हीचा फार त्रास होतो तो तर त्या भिंतीकडे पाठ करूनच बसतो. आता दिवाळीच्या सुट्टीत त्याच भिंतीवर चित्र काढून घ्यायचंय, जंगल किंवा शेत असं काहीतरी. पेंटरने दाखवलेल्या नमुन्यात निळंशार आकाश, पोपटी गवत, लाल टोपीचा अस्वल, सगळंच भडक. मला मरगळलेलं पांढरं-करडं पण नकोय, मुलांची खोली आनंदी दिसली पाहिजे. रंग कसे निवडायचे? कुणी केलंय का असं काम?

सह्याद्रीकर

ताई सोपं आहे, निळा आणि हिरवा शांत करतात, लाल आणि केशरीने मुलं चेकाळतात. निळं आकाश हिरवं गवत ठेवा, लाल काढून टाका, झालं काम. हे सगळीकडे लिहिलेलं असतं.

मृण्मयी_क

पण दादा पोपटी हिरवाच आहे ना? तोच तर डोळ्यात घुसतोय.

भिंतीवरची_चित्रं

मी बारा वर्षं भिंतींवर चित्रं काढतोय, शाळा आणि बालवाड्या धरून. सह्याद्रीकर म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. रंगाचं नाव काय यापेक्षा तो किती भडक आहे आणि किती जागेवर पसरलाय यावर जास्त अवलंबून असतं. फिकट विटकरी रंगाची अख्खी भिंत पोपटी भिंतीपेक्षा कितीतरी शांत वाटते. उगाच रंगाच्या नावावर भरवसा ठेवायचा नाही, 1979 साली अमेरिकेत सिएटलच्या नौदल तुरुंगातली कोठडी गुलाबी रंगवून कैदी शांत होतात असं सांगितलं गेलं, पुढे इतरांनी तपासलं तेव्हा तसं काही ठामपणे दिसलं नाही.

तुमच्या खोलीत आणखी एक गोष्ट होतेय असं वाटतं. एक पांढरा कागद पोपटी भिंतीपासून हातभर अंतरावर धरून बघा, ट्यूब चालू ठेवून. कागद हिरवट दिसला तर भिंतीचा रंग उडून सगळ्या खोलीवर पडतोय, मुलांच्या चेहऱ्यांवरसुद्धा. खोली लहान, उजेड एकाच प्रकारचा, भिंत जवळ, म्हणून हे होतं. शेडकार्डवरचा तुकडा बोटाएवढा असतो, तोच रंग 14 फुटांवर दुप्पट जोरात ओरडतो.

आधी दोन गोष्टी सांगा. मुलं गोष्टीला कुठल्या भिंतीकडे तोंड करून बसतात? आणि ट्यूबवर 6500 लिहिलंय का, म्हणजे निळसर-पांढऱ्या थंड उजेडाची आहे का?

मृण्मयी_क

आत्ताच जाऊन बघितलं, कागद चक्क हिरवट दिसला! फोटोत पण येतंय. आणि हो ट्यूबवर 6500 के आहे. मुलं सतरंजीवर फळ्याकडे तोंड करून बसतात, म्हणजे ज्या भिंतीवर चित्र काढायचंय त्याच भिंतीकडे. त्यांच्या पाठीमागच्या 14 फुटी भिंतीला दप्तरांच्या खुंट्या आहेत, साधारण 3 फुटांवर.

आजोबा_सातारा

पेंटरचा रेट काय आहे तिकडे? आमच्या हॉलला द्यायचाय, साताऱ्यात चौरस फुटाला फार मागतात.

भिंतीवरची_चित्रं

@मृण्मयी_क मग चित्र फळ्याच्या भिंतीवर नकोच. फळ्याची भिंत साधी ठेवा आणि चित्र खुंट्यांच्या भिंतीवर वर सरकवा. येताना, दप्तर ठेवताना, खेळताना मुलांना ते दिसेल, पण तुम्ही गोष्ट सांगताना ते त्यांच्या पाठीमागे असेल. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात याच वयाच्या आसपासच्या, बालवर्गातल्या 24 मुलांवर एक प्रयोग झाला होता, 2014 ला प्रसिद्ध झाला. भरपूर सजवलेल्या वर्गात मुलांचं लक्ष जवळपास 39 टक्के वेळ भलतीकडे होतं, रिकाम्या भिंतींच्या वर्गात 28 टक्के. तिथे रंग वेगळा तपासला नव्हता, तक्ते-चित्रं सगळं मिळून होतं आणि मुलं थोडी होती, म्हणून त्यावरून फक्त एवढंच घ्या की शिकवतानाची समोरची भिंत मोकळी बरी.

@आजोबा_सातारा काका, दराचा वेगळा धागा काढाल का, तिकडे सविस्तर सांगतो.

शेवंती

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका होते. आमच्याकडे 'बाला' म्हणजे इमारतच शिकवणारी, या पद्धतीने भिंतींवर अंक, आकार, फळं काढायचो. मुलं भिंतीला हात लावून मोजायची. त्यामुळे भिंत रिकामी ठेवा हे मला पटत नाही. कोरी भिंत बघून पालकपण म्हणतात इथे काही शिकवत नाहीत.

भिंतीवरची_चित्रं

शेवंतीताई, बालाची बहुतेक कामं मुलांच्या हाताला येतील अशी खाली असतात, जमिनीवर, दाराच्या चौकटीला, आणि ती वापरायची असतात. त्याला माझी काहीच हरकत नाही. माझा आक्षेप फळ्याभोवतीच्या गर्दीला आहे. पालकांचं मात्र खरंय, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

निशिगंध

मला वारली सुचतंय! गेरूवर पांढरं, दोनच रंग, आपल्या मातीतलं. डहाणूकडची घरं बघा किती शांत दिसतात.

भिंतीवरची_चित्रं

वारली चांगलीच, पण अख्खी भिंत गेरूची केली तर बोळाकडच्या एका खिडकीत खोली अंधारी होईल आणि गडद गेरूवर पांढऱ्या बारीक रेघा लांबून झणझणतात. उलटं करा. पार्श्वभूमी फिकट ठेवा आणि गेरू फक्त खाली पट्ट्याला. गावाकडच्या घरांना भिंतीला खाली गेरूचा पट्टा असायचा ना, चिखल-डाग दिसू नयेत म्हणून, तसाच. पावणेतीन फुटांपर्यंत थोडा फिकट केलेला गेरू, हातांचे डाग पण लपतील.

आता ताई तुमचा हिशोब. खुंट्यांच्या वर 3 ते 7 फूट एवढ्यात चित्र घ्या, 14 गुणिले 4, म्हणजे 56 चौरस फूट. त्यात भडक रंग साधारण दहावा हिस्सा, पाच-सहा चौरस फूट. पूर्ण उघडलेलं वर्तमानपत्र धरा, त्याच्या साधारण दीडपट. हा माझा कामातला अंदाज आहे, नियम नव्हे. तेवढ्यात लाल टोपी, पिवळी फुलं, पोपटाची चोच सगळं बसतं आणि मागचं शांत असल्यामुळे ते लाल जास्त खुलतं. अस्वलाला टोपी राहू द्या!

मागच्या रंगासाठी पेंटरला सांगा की पांढऱ्या इमल्शनमध्ये लेमन यलो घालू नकोस, पिवळा ऑक्साइड स्टेनर, म्हणजे छटा आणायचा घट्ट रंग, घाल थेंबाथेंबाने. 6500 च्या ट्यूबखाली लेमन हिरवट आजारी दिसतो, ऑक्साइडचा पिवळा साजूक तुपासारखा राहतो. गवतासाठी हिरवा स्टेनर, त्यात अगदी थोडा रेड ऑक्साइड, म्हणजे हिरव्याची धार मोडते, मग पांढऱ्यात मिसळायचा. पेंटर लोक रंग दबवायला काळा घालतात, ते करू देऊ नका, हिरवा मळकट होतो. आणि सगळा रंग एकदाच बनवून घ्या, दुसऱ्या डब्यात तीच छटा परत जमत नाही.

मृण्मयी_क

किती नीट समजावलंत, खूप आभार. त्या लहानग्याचं काय? त्याच्यासाठी वेगळं काही?

अदितीची_आई

माझी मुलगी ऑटिस्टिक आहे म्हणून लिहितेय. तिला रंगापेक्षा चकाकी आणि पट्टे त्रास देतात. तिच्या आधीच्या शाळेत बारीक काळ्या-पांढऱ्या चौकटींची बॉर्डर होती, ती तिथून जाताना डोळे झाकायची. ऑइल पेंटच्या भिंतीवर ट्यूबची रेघ चमकते तेही तिला नको असतं. पण ओळखीच्या दुसऱ्या एका मुलाला लखलखीत पिवळाच लागतो, त्यामुळे एकाला चाललं ते दुसऱ्याला चालेल असं नाही. रंगवायच्या आधी त्याला नमुना दाखवा आणि तो कुठे बसतो ते बघा.

भिंतीवरची_चित्रं

हे फार महत्त्वाचं. मॅट पण धुता येईल असं इमल्शन घ्या, ग्लॉस नको. बारीक पट्टे, चौकटी, ठिपक्यांची दाटी टाळा. आणि जुन्या भिंतीवर ऑइल पेंट असेल तर कोरडं घासू देऊ नका, पाणी मारून घासा आणि मुलं नसताना. भारतात घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या आत हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्याआधीच्या थरांची खात्री नसते.

सह्याद्रीकर

मी रंगाचं नाव धरून बसलो होतो, हे भडकपणाचं लक्षातच आलं नव्हतं. पण आकाश तरी निळंच ना?

भिंतीवरची_चित्रं

निळंच, पण पहाटेचं. आणि भिंतीला हात लावायच्या आधी पुठ्ठ्यावर दोन हात मारून दोन बाय दोन फुटांचे नमुने करा. ओला इमल्शन फिका दिसतो, वाळला की गडद होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी बघा. मोबाइलवर फोटो काढून काळा-पांढरा करा. सगळीकडे काळं-पांढरं काळं-पांढरं असे तुकडे दिसले तर भिंत डोळ्यांना दमवणार, मोठे करडे भाग आणि मोजके ठळक ठिपके दिसले तर ठीक.

मृण्मयी_क (नऊ दिवसांनी)

अपडेट देते. तीन पुठ्ठे केले: तुपाचा पिवळा, फिकट शेवाळी, आणि पेंटरच्या आग्रहाने त्याचा निळाशार. आठवडाभर खुंट्यांच्या वर लावून ठेवले. निळ्याशारचा फोटो काळा-पांढरा केला तर बाजूच्या पिवळ्याशेजारी तो जवळजवळ काळा दिसला, तो बाद. शेवाळी सकाळी छान, पण 6500 च्या उजेडात जरा राखाडी वाटला, म्हणून एक ट्यूब बदलून 4000 के लावली, मग त्यात ऊब आली. आमचा छोटा पिवळ्या पुठ्ठ्याखाली जाऊन बसला दोन दिवस, तो रंगामुळे की तिथे पंखा नीट लागतो म्हणून ते मला सांगता येणार नाही.

फळ्याच्या भिंतीला पोपटीवर प्रायमरचा एक हात आणि तुपाचा पिवळा, चित्र खुंट्यांच्या भिंतीवर: शेवाळी गवत, फिकट आकाश, खाली गेरूचा पट्टा, अस्वलाची टोपी लाल. पेंटर कुरकुरतोय की पालकांना फिकं वाटेल. एक आई विचारून गेल्या की पोपटी का काढता, मुलाला आवडायचा. शेवंतीताई, अंक मी जमिनीवर काढून घेणार आहे, तुमच्याकडचे नमुने असतील तर टाकाल का इथे? खुंट्यांच्या खाली आकार काढावेत की तो पट्टा मुलांच्या खडूसाठी रिकामा सोडावा, तेही अजून ठरत नाहीये.

शेवंती

टाकते संध्याकाळी. खुंट्यांखाली रिकामा सोड गं, मुलं स्वतः भरतील.