‘गर्भधारणेतील धोके समजावले’ एवढी नोंद पुरते का? व्हॅल्प्रोएट आणि बायपोलर असलेली तरुण मुलगी

निळीशाई
मानसोपचार ओपीडीत माझं दुसरं वर्ष. २४ वर्षांची मुलगी, बायपोलर, तीन वर्षं व्हॅल्प्रोएट १००० मिग्रॅवर अगदी स्थिर. अविवाहित. विचारल्यावर म्हणाली, “मुलाबाळांचा विचार अजून चार-पाच वर्षं तरी नाही.” मी केसपेपरवर ‘गर्भधारणेतील धोके समजावले’ असं लिहिलं. एक सर म्हणाले, ही नोंद असून नसल्यासारखी आहे. दुसरे म्हणाले, आत्ता हा विषय काढून घाबरवू नकोस, गोळी सोडून बसेल. कोणाचं ऐकू? आणि लिहायचं तर नेमकं काय?

गारवा
मी दुसऱ्या सरांच्या बाजूने. माझ्या एका रुग्णाला कोणीतरी घाईत सांगितलं, “या गोळीने बाळात व्यंग येतं.” तिने त्याच रात्री गोळी बंद केली. तिसऱ्या आठवड्यात झोप उडाली, बोलणं थांबेना, शेवटी दाखल करावं लागलं. तीन वर्षांची घडी विस्कटली. मुलगी स्थिर आहे, लग्नाचं नाव नाही. लग्न ठरलं की बोला. उगाच आजच तिच्या डोक्यात भीती कशाला घालायची?

उत्तररात्र
गारवा, तुमच्या रुग्णाचं जे झालं ते मीही पाहिलंय, ती भीती खोटी नाही. पण ‘लग्न ठरलं की’ या शब्दांतच गफलत आहे. दिवस जायला लग्न लागत नाही, आणि कितीतरी गरोदरपणं न ठरवताच येतात. बाळाच्या पाठीच्या कण्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे नियमित पाळी असलेल्या बाईची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. ती टेस्ट करून तुमच्याकडे येईपर्यंत ती वेळ बहुधा टळलेली असते. म्हणून हे बोलणं ‘विचार नाही’ म्हणणाऱ्या मुलीशीच आधी करायचं.

आकडे तिला शंभराच्या हिशोबात सांगा. एरवी शंभर बाळांत २ ते ३ जणांना मोठं जन्मजात व्यंग असतं, गरोदरपणी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर सुमारे ११ जणांना. आणि शंभरातल्या ३० ते ४० मुलांना पुढे बोलणं, शिकणं, वागणं यांत अडचणी येतात. हा दुसरा भाग आपण गिळून टाकतो. व्यंग सोनोग्राफीत दिसण्याची शक्यता तरी असते, ही अडचण कुठल्याच सोनोग्राफीत दिसत नाही.

गारवांच्या अनुभवावर उपाय गप्प बसणं नाही. त्या बाईला धोका सांगितला आणि पुढचं वाक्य सांगायचं राहिलं, घोळ तिथे झाला. मी सुरुवातच अशी करतो: “आज गोळी बंद करायची नाही. अचानक बंद केली तर आजार उलटतो. पण या गोळीबद्दल तुम्हाला माहीत असायला हवं असं काहीतरी सांगायचंय.” मग आकडे. शेवटी परत तेच, गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

साखरझोप
एवढं कशाला? डोस ५०० वर आणा, फॉलिक ॲसिड ५ मिग्रॅ सुरू करा. धोका डोसवर असतो हे सिद्ध झालेलं आहे.

उत्तररात्र
डोसवर असतो हे खरंच. युरोपच्या मोठ्या नोंदवहीत रोज १४५० मिग्रॅच्या वर घेणाऱ्यांत शंभरात २५ बाळांना व्यंग दिसलं, ६५० किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत साधारण ६. पण ६ म्हणजे अजूनही एरवीच्या दुपटीहून जास्त. शिवाय शिकण्या-वागण्याच्या अडचणींसाठी ‘इथून खाली निर्धास्त’ अशी रेघ कोणी आखून दिलेली नाही. फॉलिक ॲसिड द्याच, पण त्याने व्हॅल्प्रोएटचा धोका पुसला जातो असा पुरावा नाही. ‘फॉलिक चालू आहे ना, मग काळजी नाही’ हे वाक्य मी रुग्णांच्या तोंडून ऐकलंय. ते आपल्यापैकीच कोणीतरी त्यांना दिलेलं असतं. आणि ५०० वर या मुलीचा मेनिया आवरेल का, हा प्रश्न तर वेगळाच.

सोनसळी
माझ्या बहिणीला फिट येतात, तिलाही हीच गोळी आहे. ती वाचून घाबरली आहे. उद्यापासून बंद करू का तिची?

उत्तररात्र
नाही, बंद करू नका. फिट्ससाठी गोळी अचानक थांबवली तर लागोपाठ झटके येऊन जिवावर बेतू शकतं. इथली चर्चा बायपोलरची आहे, तिथे पर्याय वेगळे असतात. बहिणीला फिट्सच्या डॉक्टरांकडे लवकर न्या आणि ‘मूल हवं झालं तर या गोळीचं काय?’ एवढं सरळ विचारा. दिवस गेल्याची शंका असेल तर त्याच दिवशी फोन करा, गोळी मात्र चालूच ठेवा.

रानफूल
मी डॉक्टर नाही, रुग्ण आहे. सहा वर्षं व्हॅल्प्रोएट घेतलं. माझ्या फाइलवरही ‘समजावले’ असंच लिहिलेलं आहे. मला सांगितलं होतं ते इतकंच: “सध्या दिवस राहू देऊ नका.” का, ते नाही. माझी पाळी तेव्हा दोन-दोन महिने पुढे जायची, त्यामुळे ‘पाळी चुकली’ असं काही कळलंच नाही. कळलं तेव्हा नववा आठवडा होता. मुलगा आता पाच वर्षांचा आहे. हृदय, पाठ सगळं ठीक. बोलायला खूप उशिरा लागला, अजून स्पीच थेरपी चालू आहे. गोळीमुळेच का, हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही, आणि मी त्याच्याकडे तसं बघतही नाही. पण निवड माझी होती, ती मला करायला मिळालीच नाही. ‘घाबरवू नका’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. मला माहीत असतं तर मी गोळी सोडली नसती, बदलून मागितली असती.

उत्तररात्र
रानफूलताई, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. निळीशाई, अनियमित पाळीचा मुद्दा टिपून घ्या. व्हॅल्प्रोएटवर पाळी बिघडणं, अंडाशयात गाठी होणं, वजन वाढणं हे होतं. अशा मुलीला ‘पाळी चुकली तर या’ म्हणून उपयोग नाही. तिला सांगा, साधनाशिवाय संबंध आला तर तीन आठवड्यांनी टेस्ट करायची, पाळीची वाट बघायची नाही.

आता तुमची केस. तीन वर्षांपूर्वीचे झटके मेनियाचे होते का उदासीचे, हे आधी बघा. मेनियाचे असतील तर क्वेटियापीनचा विचार करा. ते झोपेच्या डोसवर ठेवून भागत नाही, मेनियाच्या डोसपर्यंत न्या, तिथे ती टिकते का बघा, आणि मगच व्हॅल्प्रोएट निदान चार आठवडे घेऊन उतरवा. लिथियमही चालेल. त्यात बाळाच्या हृदयाच्या दोषाचा धोका थोडा वाढतो, डोसप्रमाणे वाढतो, पण व्हॅल्प्रोएटच्या तुलनेत खूप कमी.

उदासीचे जास्त असतील तर लॅमोट्रिजिन. तिथे एक खड्डा आहे. व्हॅल्प्रोएट सोबत असताना लॅमोट्रिजिन रक्तात साधारण दुप्पट राहतं, म्हणून सुरुवात एक दिवसाआड २५ मिग्रॅ, पुरळाकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष. पुढे व्हॅल्प्रोएट गेलं की तोच डोस अर्धा पडल्यासारखा होतो. त्यात कोणी इस्ट्रोजेनची गर्भनिरोधक गोळी सुरू केली तर पातळी आणखी घसरते. मग मुलगी ढासळते आणि खापर फुटतं ‘बदलामुळे’ म्हणून.

गारवा
रानफूलताईंचं वाचून मी ‘लग्न ठरलं की’ मागे घेतो. पण स्थिर मुलीचं औषध बदलणं अजून पटत नाही. २००७च्या अमेरिकन अभ्यासात गरोदरपणी मूड स्टॅबिलायझर बंद केलेल्या बायकांत ८५ टक्क्यांहून जास्त जणींचा आजार उलटला, चालू ठेवलेल्यांत ३७ टक्के. या आकड्याचं काय करायचं?

उत्तररात्र
तो अभ्यास गोळी बंद करण्याचा आहे, आणि तोही दिवस गेल्याच्या सुमारास. गोळी बदलणं वेगळं. उलट तोच आकडा सांगतो की बदल आत्ता करावा. आत्ता उलटलं तर काहीही औषध मोकळेपणाने देता येतं. दिवस गेल्यावर उलटलं तर हात बांधलेले. तरीही तुमचं एक म्हणणं मान्य. क्वेटियापीन आणि लिथियम दोन्ही आधी फसलेली असतील, तर ती मुलगी व्हॅल्प्रोएटवर राहू शकते. मग मात्र खात्रीचं गर्भनिरोधक, तांबी किंवा इम्प्लांट, आणि दर वर्षी हीच बैठक पुन्हा. युरोपात २०१८पासून हेच बंधन आहे. ब्रिटनने २०२४मध्ये त्याही पुढे जाऊन ५५ वर्षांखालच्या कोणालाही हे औषध नव्याने सुरू करायला दोन तज्ज्ञांची संमती लागेल असं ठरवलं, पुरुषांनासुद्धा.

निळीशाई
मग नोंद कशी लिहू? असं लिहिलं तर चालेल?

‘वय २४. बायपोलर, ३ वर्षे स्थिर. सोडियम व्हॅल्प्रोएट रोज १००० मिग्रॅ. रुग्णाशी एकांतात बोलले. सांगितले: गरोदरपणी ही गोळी चालू असल्यास १०० पैकी सुमारे ११ बाळांना मोठे व्यंग, एरवी २ ते ३. १०० पैकी ३० ते ४० मुलांना विकासात अडचणी. फॉलिक ॲसिडने हा धोका टळत नाही. गोळी अचानक बंद केल्यास आजार उलटण्याचा धोका सांगितला. गर्भनिरोधक सुरू करण्याचा सल्ला. औषधबदलावर चर्चा. पुढील भेट ४ आठवडे.’

उत्तररात्र
चांगली आहे. पण यात सगळं तुम्ही बोललात, ती कुठे आहे? तिला विचारा, “मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा बरं,” आणि ती म्हणेल ते जसंच्या तसं लिहा: ‘रुग्ण म्हणते: “दिवस गेलेले कळायच्या आधीच बाळाला इजा होऊ शकते. म्हणून आधी गोळी बदलायची, मग मूल. तोवर साधन वापरायचं.”’ ती “गोळीने मूल होत नाही” असं म्हणाली तर ओळखा, समजलेलं नाही, आणि पुन्हा सांगा. शिवाय आजची टेस्ट नकारात्मक, कोणतं साधन, ती काय ठरवते हेही. ‘सल्ला दिला’ लिहून थांबू नका. तिने नकार दिला तर असं: ‘पर्याय सांगितले. रुग्णाला आत्ता औषध बदलायचे नाही. कारण तिच्या शब्दांत: “परीक्षा झाल्यावर.” तोवर तांबीस तयार. तीन महिन्यांनी पुन्हा चर्चा.’

गारवा
अविवाहित मुलीच्या केसपेपरवर ‘तांबी’ लिहिणार? तो कागद ती घरी नेते. घरचे वाचतात.

उत्तररात्र
मी तिच्या कागदावर ‘व्हॅल्प्रोएटबाबत चर्चा झाली, तपशील क्लिनिकच्या फाइलमध्ये’ एवढंच लिहितो. पण रात्री दुसऱ्या डॉक्टरकडे ती दाखल झाली तर त्याच्या हातात फक्त तिचा कागद असतो. याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. निदान काय लिहू आणि काय नको, हे तिलाच विचारतो.

निळीशाई
गुरुवारी येतेय ती. एकच अडचण, आई एक मिनिटही बाहेर जात नाही. “माझ्यासमोरच बोला,” म्हणते.

रानफूल
माझी आईही तशीच होती. सिस्टर मला वजन करायला आत न्यायच्या, तेव्हा दार लोटलेलं असायचं. तुम्ही त्या वेळी आत जा.