नोट्सवरून ग्रुपला रोजचे मेसेज: सारांश की प्रश्न?

पानोपानी: रक्ताभिसरणाच्या युनिटच्या अठरा पानी नोट्स आहेत, परीक्षेला तीन आठवडे. त्यातून आमच्या अभ्यास ग्रुपवर रोज एक छोटा उजळणी मेसेज टाकायचं माझ्याकडे आलंय. रोज एका पानाचा चार ओळींचा सारांश द्यावा म्हणते. बरोबर आहे का?

निळी शाई: अगदी बरोबर. लांबलचक मेसेज 'आणखी वाचा'खाली दडतो आणि कुणी उघडत नाही. चार ओळी रोज डोळ्यांखालून गेल्या की आपोआप बसतात. आम्ही असंच करायचो.

उलटतपासणी: लांबीबद्दल पटलं, 'आपोआप बसतात' हे नाही. सारांश वाचून 'हो, हे माहितीये' वाटतं, तेवढंच. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हेच तपासलं होतं. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नाही.

म्हणून पान घेऊन 'यात महत्त्वाचं काय' असं विचारू नका, 'इथे कशाची कशाशी गल्लत होईल' ते शोधा. समजा नोट्समध्ये वाक्य आहे: 'धमन्यांतून ऑक्सिजनयुक्त रक्त वाहते, अपवाद फुप्फुस धमनी.' ते तसंच पाठवलं तर सगळे अंगठा दाखवून पुढे जातील. त्याऐवजी विचारा: 'फुप्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असतो, तरी तिला धमनीच का म्हणतात?' उत्तर: नाव रक्ताच्या दिशेवरून पडतं, हृदयातून बाहेर नेते ती धमनी. हे एकदा स्वतः मांडलं की फुप्फुस शिरेचं वेगळं पाठ करावं लागत नाही. (गर्भाच्या नाळेतल्या धमन्यांतही ऑक्सिजन कमीच असतो, पण ते या युनिटमध्ये नसेल तर राहू दे.)

गच्चीवरचा: सकाळी सात की रात्री नऊ? आमच्याकडे सातला कुणीच बघत नाही.

पानोपानी: वेळेचं नंतर ठरवू. उलटतपासणी, प्रश्न टाकला की पहिल्या मिनिटात कुणीतरी उत्तर देतं, बाकीचे तेच वाचतात. मग सारांशात आणि यात फरक काय उरला?

उलटतपासणी: त्यासाठी उत्तर ग्रुपवर लिहायला मनाई करा. प्रत्येकाने वहीत लिहायचं, उत्तर तुम्ही दुसऱ्या दिवशी नव्या प्रश्नाच्या वर द्यायचं. पोल टाळा, इतरांची मतं दिसली की लोक तिकडेच झुकतात. टेलिग्रामच्या क्विझ पोलमध्ये मत दिल्याशिवाय निकाल दिसत नाही, तो चालेल, पण पर्याय ओळखणं आठवण्यापेक्षा सोपं असतं.

आणि अठरा पानांचे अठरा नवे प्रश्न करू नका. बारा पुरेत. उरलेल्या दिवशी जुनेच परत आणा, वेषांतर करून. पहिल्या दिवशी 'डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा जाड का?' हा प्रश्न गेला असेल, तर दोन-तीन दिवसांनी 'उजवा निलय रक्त कुठे ढकलतो आणि त्याला कमी जोर का पुरतो?' असं विचारा. आठवड्याने आणखी पुढे जा: 'डाव्या अलिंद-निलयामधली झडप नीट मिटत नसेल तर रक्त कुठे मागे जाईल?' पहिल्याचं उत्तर 'सगळ्या शरीराला पुरवायचं म्हणून' असं पाठ करता येतं. तिसऱ्याला मनात हृदय उभं करावंच लागतं, तेव्हा कळतं की रक्त डाव्या अलिंदात परतेल आणि दाब फुप्फुसांकडे वाढेल.

कलमबहाद्दर: मी कायद्याचा विद्यार्थी. आमच्याकडे कलमाचे शब्दच शब्दशः लागतात. असले 'का'वाले प्रश्न परीक्षेत शून्य उपयोगाचे.

उलटतपासणी: तुमच्या पेपरला वेगळं करा. कलमातला एक शब्द गाळून विचारा, तेही आठवणंच आहे. इथे रक्ताभिसरण आहे.

निळी शाई: पण कच्च्या मुलांचं काय? ज्याने युनिट वाचलंच नाही तो रोज कोऱ्या वहीकडे बघेल आणि चौथ्या दिवशी ग्रुप म्यूट करेल. त्याला आधी सारांशच लागतो.

उलटतपासणी: हे खरं आहे. न वाचलेलं आठवणार कुठून? प्रश्नाखाली पान क्रमांक द्या. त्याने आधी पान वाचावं, वही मिटावी, मग लिहावं. दुसऱ्या दिवशी बहुतेकांचं चुकलंय असं कळलं तर प्रश्न फार पुढचा होता. सगळ्यांचं क्षणात बरोबर आलं तर तो पुन्हा आणायची गरज नाही.

वहीवाली: मला वेगळंच खटकतंय. नोट्समधून प्रश्न काढताना खरी उजळणी पानोपानीची होणार, बाकीचे आयतं खाणार. पाळी लावा, प्रत्येकाने दोन पानं घ्यावीत.

पानोपानी: पाळी लावून बघितली आहे मागच्या युनिटला. कुणाचा तरी दिवस हमखास चुकतो, आणि एकदा तर चुकीचं उत्तर फिरलं, ते आम्हाला परीक्षेनंतर कळलं.

वहीवाली: मग एकाने तपासून मगच टाकायचं. एवढं तर जमेल?

उलटतपासणी: तपासणारी पुन्हा तीच असणार. त्यापेक्षा बारा प्रश्न तिने करावेत आणि वेषांतर केलेले जुने प्रश्न बाकीच्यांनी. त्यांची उत्तरं तोवर ग्रुपवर आलेली असतात, चुकायला जागा कमी.

वहीवाली: म्हणजे अवघड भाग पुन्हा तिच्याचकडे. मला नाही पटत.

पानोपानी: धमनीचा प्रश्न आज टाकते. पाळीचं ग्रुपलाच विचारते.

गच्चीवरचा: रात्री नऊला टाक.