मदत हवी आहे: दरयादीतली डिझाइनची अक्षरं काही फोनवर नुसते चौकोन दिसतात

बिबडेवाली_यावल

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यात आम्ही सात जणी मिळून उन्हाळी कामं करतो. ज्वारीचे बिबडे, उडदाचे आणि नागलीचे पापड, कुरडया. गिऱ्हाईक बरंचसं पुण्या-नाशिकला गेलेलं आपलंच खान्देशी. दरयादी मी व्हॉट्सॲपवर टाकते आणि तीच फेसबुकवर चिकटवते.

मागच्या वर्षी भाच्याने स्टायलिश अक्षरांचं एक ॲप टाकून दिलं. ते मराठीला स्टाइल लावत नव्हतं, म्हणून मालाची नावं इंग्रजी अक्षरांत लिहिली. यादी अशी दिसते:

```
꧁ 🅱🅸🅱🅳🅴 ꧂
①250 ग्रॅम ➤ ₹𝟗𝟎
②1½ किलो ➤ ₹𝟓𝟎𝟎
𝐔𝐝𝐢𝐝 𝐏𝐚𝐩𝐚𝐝 ★ दुसर्‍या दिवशी पोहोच
```

माझ्या फोनवर झकास दिसते. पण भुसावळच्या एका आजींच्या जुन्या फोनवर नावाच्या जागी चौकोन येतात. एका गिऱ्हाइकाने तर विचारलं, "ताई, दर का लिहिले नाहीत?" दर लिहिलेलेच होते! हे सगळं साधं कसं करायचं? अशा चाळीसेक जुन्या याद्या आहेत. माझ्याकडे फोनच आहे, लॅपटॉप भाचीचा.

केळीबाग_चोपडा

सोपं आहे ताई. कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा, फॉन्ट आपोआप उडतो. वर्डमधला मजकूर मी असाच साफ करतो. नाहीतर पेस्ट करताना "प्लेन टेक्स्ट" निवडा.

बिबडेवाली_यावल

भाऊ, केलं. फोनच्या नोट्समध्ये टाकलं, जसंच्या तसं राहिलं. भाचीने लॅपटॉपवर नोटपॅडमध्ये टाकलं, तिथेही 𝐔𝐝𝐢𝐝 तसंच जाड.

फ्लेक्सवाला_धुळे

मना बी हाऊच प्रॉब्लेम शे! आमच्याकडे लग्नाच्या बॅनरचा मजकूर जुन्या मराठी फॉन्टमध्ये असतो. तो व्हॉट्सॲपवर टाकला की सगळा इंग्रजी कचरा होतो. तुम्हाला कन्व्हर्टर पाहिजे, जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारा. चांगला मिळाला तर मलाही सांगा.

खिळे_ते_कळफलक

फ्लेक्सवाले दादा, तुमचं दुखणं वेगळं, जवळजवळ उलटंच म्हणा. तुमच्या फाइलमध्ये आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात आणि त्यांना मराठी चेहरा फॉन्ट देतो. फॉन्ट गेला की चेहरा गेला. ताईंच्या यादीत फॉन्टचा काही संबंधच नाही, म्हणून तर नोटपॅडमध्ये टाकूनही फरक पडला नाही.

त्या ॲपने U जाड केला नाही. U काढून त्या जागी दुसरंच अक्षर बसवलं. युनिकोडमध्ये गणितवाल्यांसाठी जाड, तिरप्या, वळणदार अक्षरांचा वेगळा संच आहे, 2001 साली आलेला. गणितात साधा x आणि जाड x या दोन वेगळ्या वस्तू असू शकतात, म्हणून ती सोय. संच रोमन-ग्रीक अक्षरांचा आणि अंकांचा आहे. देवनागरीचा असा संच नाही, म्हणूनच ॲपला मराठी जमलं नाही. आजींच्या फोनमधल्या फॉन्टमध्ये ही गणिती अक्षरं नसणार, म्हणून चौकोन. 𝟗𝟎 मधले अंकही त्याच संचातले. दर गायब का झाले ते आता कळलं असेल.

ओळखायची खूण हीच: नोटपॅडमध्ये टाकून स्टाइल गेली तर ते नुसतं सजवणं होतं. राहिली तर अक्षरच वेगळं आहे.

आणि ते ꧁ ꧂ बघा. ती जावा बेटावरच्या लिपीतली सजावटीची चिन्हं आहेत. यावलच्या बिबड्यांवर जावाची वेलबुट्टी!

कान_देऊन_नंदुरबार

मी शिक्षक आहे, दिसत नाही, फोन टॉकबॅकवर ऐकतो. ताई, तुमच्यासारख्या याद्या माझ्याकडेही येतात. मला काय ऐकू येतं ते सांगतो. आवाजाचं एक इंजिन "मॅथेमॅटिकल बोल्ड कॅपिटल यू, मॅथेमॅटिकल बोल्ड स्मॉल डी" असं एकेक अक्षर वाचत बसतं. उडीद पापड येईपर्यंत माझा चहा थंड. दुसरं इंजिन ती अक्षरं सरळ गाळतं. मग "रुपये" ऐकू येतं आणि पुढे काहीच नाही. चौकोन निदान दिसतो तरी, मला तर तिथे काही होतं हेच कळत नाही.

ओळीच्या शेवटी एखादं फूल असेल तर चालतं. दहा फुलं ओळीने असली की काही वेळा दहाही ऐकावी लागतात.

केळीबाग_चोपडा

मग चिन्हं काढणारं एक वेबपान आहे, मी गटाच्या मेसेजला वापरतो. इमोजी, अदृश्य चिन्हं, सगळं साफ. देवनागरी, साधी इंग्रजी अक्षरं आणि अंक तेवढे उरतात.

बिबडेवाली_यावल

भाऊ, तसं एक वापरून पाहिलं. फुलं गेली. पण ₹ पण गेला, ½ पण गेला, आणि उडीद पापड हे नावच गेलं, कारण ते त्याला इंग्रजी वाटलंच नाही. वर "दुसर्‍या दिवशी" चं "दुसर्या दिवशी" झालं. सुनेने वाचून विचारलं, ही कुठली भाषा?

खिळे_ते_कळफलक

हा आपल्या मराठीचा खास खड्डा आहे. "दुसऱ्या" मधला तो आडवा र दोन प्रकारे लिहिला जातो. काही कीबोर्ड र, हलंत आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. काही कीबोर्ड नुक्तावाला ऱ वापरतात, त्याला जोडचिन्ह लागत नाही. दिसायला दोन्ही सारखे. सफाईवाल्या पानाने अदृश्य म्हणून ते जोडचिन्ह उडवलं, तर पहिल्या प्रकारातला र रफार होऊन य च्या डोक्यावर चढतो. भाकऱ्या, पुऱ्या, कैऱ्या, सगळ्यांचा असाच बळी जातो. तेव्हा "सगळी अदृश्य चिन्हं काढा" हे बटण मराठीत दाबूच नये.

आता उपाय. आजच्या यादीसाठी कुठलंच हत्यार नको. चार ओळी आहेत, हाताने टाइप करा, आणि नावं मराठीतच लिहा. इंग्रजी अक्षरं तुम्ही केवळ ॲपसाठी घेतली होती ना?

जुन्या चाळीस याद्यांसाठी भाचीच्या लॅपटॉपवर पायथॉन असेल तर हे चालेल. याद्या एका फाइलमध्ये भरा:

```python
import unicodedata
s = open("yadi.txt", encoding="utf-8").read()
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
s = unicodedata.normalize("NFKC", s)
open("yadi2.txt", "w", encoding="utf-8").write(s)
```

तिसरी ओळ जोडचिन्हवाला र बदलून नुक्तावाला करते, म्हणजे पुढे कोणी सफाई केली तरी तो मोडणार नाही. चौथी ओळ गणिती अक्षरांच्या जागी साधी अक्षरं आणते. पण चालवायच्या आधी ½ आणि ① सारखी चिन्हं हाताने बदला. अर्धा, दीड असं लिहा.

बिबडेवाली_यावल

सर, भाचीने घाईत तुमचं शेवटचं वाक्य न वाचताच चालवलं. हे आलं:

```
꧁ 🅱🅸🅱🅳🅴 ꧂
1250 ग्रॅम ➤ ₹90
211⁄2 किलो ➤ ₹500
Udid Papad ★ दुसऱ्या दिवशी पोहोच
```

पाव किलोचे सव्वा किलो झाले, तेही नव्वद रुपयांत! आणि दीड किलोचं काय झालं ते मला वाचताही येत नाही. बिबडे मात्र तसेच राहिले. आमच्या घरी हसून हसून पुरेवाट.

खिळे_ते_कळफलक

नव्वदला सव्वा किलो असेल तर माझी ऑर्डर घ्या.

झालं असं. ती आज्ञा ① चा साधा 1 करते, पण मध्ये जागा सोडत नाही. मग 1 आणि 250 चिकटून 1250. ½ चे ती 1, तिरपी रेघ आणि 2 असे तीन तुकडे करते, त्याच्या आधीचा 1 त्याला चिकटतो, आणि तुमच्याकडे त्याही आधी ② होता. म्हणून 211⁄2. यंत्राच्या हिशेबाने चूक नाही, दुकानाच्या हिशेबाने दिवाळं. मूळ yadi.txt शाबूत आहे, कारण उत्तर वेगळ्या फाइलमध्ये लिहिलं. आधी त्यात बदल करून पुन्हा चालवा.

🅱🅸🅱🅳🅴 का राहिले? या काळ्या चौकटीतल्या अक्षरांना "हे साध्या B सारखं" अशी जोडणी युनिकोडने दिलेलीच नाही, म्हणून ती आज्ञा त्यांना हात लावत नाही. बऱ्याच फोनवर यातला B लाल दिसतो आणि बाकीची काळी, कारण B रक्तगटाचं इमोजी म्हणूनही घेतलेला आहे. ꧁, ➤, ★ यांनाही साधं रूप नाही. त्यांच्यासाठी शोधा-बदला करा: ➤ च्या जागी विसर्ग नको, सरळ कोलन, आणि बाकीची पुसून टाका.

बिबडेवाली_यावल

झालं! आता अशी आहे:

```
बिबडे
पाव किलो: ₹90
दीड किलो: ₹500
उडीद पापड, दुसऱ्या दिवशी पोहोच
```

आजींच्या फोनवर सगळं दिसलं, फक्त ₹ च्या जागी अजून चौकोन आहे.

खिळे_ते_कळफलक

₹ हे चिन्हच 2010 चं. फोन त्याआधीचा असेल किंवा त्यातला फॉन्ट जुना असेल तर नाही दिसणार. "रु." लिहा, तो कुठेही चालतो.

कान_देऊन_नंदुरबार

मला उलट ₹ बरा वाटतो. माझा फोन "रुपये" म्हणतो. "रु." ला नुसतं "रु" म्हणतो आणि टिंबापाशी थांबतो. पण आजींना दिसत नसेल तर मी जुळवून घेईन.

बिबडेवाली_यावल

"90 रुपये" असं अख्खं लिहिलं तर?

कान_देऊन_नंदुरबार

हे झकास. लिहा.

बिबडेवाली_यावल

आता भांडण वेगळंच आहे. आमच्यातल्या दोघी म्हणतात यादी बोडकी दिसते, कोणी बघणार नाही. नाव ठळक कसं करायचं? व्हॉट्सॲपवर दोन्ही बाजूंना * दिला की जाड होतं, ते मी करते, पण तीच यादी फेसबुकवर चिकटवली की चांदण्या तशाच दिसतात.

केळीबाग_चोपडा

यादीचा फोटो टाका ना, हवी तेवढी वेलबुट्टी काढा.

कान_देऊन_नंदुरबार

फोटो टाकला की मी पुन्हा बाहेर. फोटोखाली मजकूरही टाकणार असाल तर हरकत नाही.

खिळे_ते_कळफलक

दोन प्रती ठेवाव्या लागतील, व्हॉट्सॲपची चांदणीवाली आणि फेसबुकची बिनचांदणीची. दोन्हीकडे सारखी ठळक दिसेल अशी साधी युक्ती मला माहीत नाही. मी नाव वेगळ्या ओळीवर घेतो आणि वर एक ओळ रिकामी सोडतो, बस. दोघींना पटेल असं वाटत नाही.

बिबडेवाली_यावल

नाहीच पटलं. बिबड्यांच्या पुढे एक 🌾 ठेवायचा असं ठरलंय. सर, एकच आहे, चालेल ना?

कान_देऊन_नंदुरबार

नावाच्या पुढे नको, मागे ठेवा. म्हणजे मला आधी बिबडे ऐकू येतील. आणि अर्धा किलो नागलीचे पापड पाठवा, नंदुरबारला.

फ्लेक्सवाला_धुळे

ते सगळं ठीक शे, पण मन्या बॅनरच्या फाइलचं काय?