महिनाअखेरचा डब्ल्यूआयपी: ठरलेला दर की त्या महिन्याचा दर?

हिशेबी_भोसरी: आधी ठरवलेला ओव्हरहेड दर म्हणजे निव्वळ अंदाज. महिन्याचा खरा खर्च भागिले महिन्याचे खरे मशीन तास, येईल तो दर उघड्या जॉब शीटना लावा. डब्ल्यूआयपी, म्हणजे अपुऱ्या कामांची किंमत, अचूक येते.

कॉस्टिंगताई: हे वाचून गप्प बसवेना. भाडं, घसारा, सुपरवायझरचा पगार मिळून महिन्याचा स्थिर ओव्हरहेड 4,00,000 धरा. नेहमीचे तास 1000, दर 400. या महिन्यात काम कमी, तास 500 भरले. तुमचा दर झाला 800. एका डायच्या शीटवर मटेरियल 40,000, मजुरी 4,500 आणि 30 तास आहेत. 400 नं ती 56,500 ची, तुमच्या दरानं 68,500 ची. डाय तीच, तास तेच. वरचे 12,000 हे बंद मशीनचं भाडं आहे! उघड्या जॉबवर एकूण 200 तास असतील तर 80,000 चा तोटा स्टॉकमध्ये लपला. स्टॉकच्या किमतीचं लेखा मानक एएस 2 सांगतं, स्थिर ओव्हरहेड नेहमीच्या क्षमतेवर लावा, न शोषलेला त्याच महिन्यात खर्चात टाका.

शिरोली_फाउंड्री: आमच्याकडे कास्टिंग पार्टीचं असतं, आम्ही फक्त मशिनिंग करतो. त्याची किंमत कुठल्या दरानं धरायची?

कॉस्टिंगताई: दादा, प्रश्न तो नाही. तरी सांगते, पार्टीचा माल तुमच्या स्टॉकमध्ये येतच नाही. फक्त तुमची मजुरी आणि ओव्हरहेड धरा.

शॉपफ्लोअर_चाकण: दरावर कसले भांडताय? शीटच खोटी असते. ऑपरेटर आठवड्याची कार्डं शनिवारी एका बसकणीत भरतो. आमच्याकडे 30 तारखेला माल गेला, बिल झालं, जॉबची शीट मात्र उघडीच राहिली. तोच जॉब विक्रीत आणि डब्ल्यूआयपीतही! ऑडिटरसमोर मालक मलाच बोलले.

हिशेबी_भोसरी: ऑपरेटरला दोष देऊ नका. शीट बंद करणं ऑफिसचं काम.

शॉपफ्लोअर_चाकण: ऑफिसमध्ये बसून बोलणं सोपं आहे! डिस्पॅचचं चलन तुमच्या टेबलावर दोन दिवस पडून असतं.

कॉस्टिंगताई: चूक दोन्हीकडे आहे. उघड्या शीटची यादी घेऊन शेवटच्या संध्याकाळी फ्लोअरवर फिरा. यादीत आहे पण मशीनपाशी, रॅकवर, हीट ट्रीटमेंटवाल्याकडे, कुठंच नाही, तो जॉब बहुधा गेलेला असतो. महिन्याच्या चलनांशी ताडून पाहा. उरलेल्या शीटची बेरीज लेजरच्या डब्ल्यूआयपीशी जुळली पाहिजे.

हिशेबी_भोसरी: बरं, मंदीच्या महिन्यापुरतं मानलं. पण विजेचं बिल? ते तर तासांवर चढतं-उतरतं.

कॉस्टिंगताई: ते मान्य. बदलता खर्च प्रत्यक्ष वापरावरच लावायचा, म्हणून मी 4,00,000 मध्ये वीज धरलीच नाही. आणि काम नेहमीपेक्षा खूप वाढलं तर स्थिर दरही खाली आणावा लागतो, नाहीतर स्टॉक खर्चापेक्षा जास्त दिसतो.

हिशेबी_भोसरी: मग ‘नेहमीचे’ 1000 तास ठरवले कुणी? माझ्याकडे कुठलेच दोन महिने सारखे नसतात.

कॉस्टिंगताई: काही वर्षांची सरासरी, नियोजित देखभालीचे तास वजा करून.

हिशेबी_भोसरी: मध्येच दोन नवी व्हीएमसी मशीन आली, तर जुन्या सरासरीचं काय करू?