सपाट फेस नाही, मग स्केच काढायचं कुठे? (सॉलिडवर्क्स, पाइप हेडर)

रबाळे_ड्राफ्टिंग
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कंपनीत ड्रॉइंगचं काम करते. पार्टीने ६ इंची हेडरची स्टेप फाइल दिली आहे, दोन्ही टोकांना १५० क्लासची फ्लँज. त्यावर २ इंची ब्रँच काढायची आहे. ती वरच्या मध्यरेषेपासून घड्याळाच्या दिशेने ३५ अंशांवर, डाव्या फ्लँजच्या तोंडापासून ४५० वर आणि हेडरला ६० अंशांनी तिरकी, डाव्या फ्लँजकडून लांब झुकलेली. बघायचं डाव्या फ्लँजकडून, एवढं ड्रॉइंगवर लिहिलंय. ब्रँचचं वर्तुळ काढायला सपाट जागाच नाही. कुठला प्लेन घेऊ?

वागळे_डिझाइन
सोपं आहे. पाइपच्या बाहेरच्या फेसला टँजंट प्लेन घ्या, वर्तुळ काढा, एक्स्ट्रूड करा. आम्ही शाफ्टवर की-वे असाच काढतो, कधी अडत नाही.

कोपरी_मिलिंग
ताई, व्ही-ब्लॉकवर धरा, डिव्हायडिंग हेडने ३५ अंश फिरवा आणि टेबल तिरकं करा. सपाट फेस लागतच नाही. उगाच विचार करताय.

रबाळे_ड्राफ्टिंग
काका, पाइप अजून कॉम्प्युटरवरच आहे हो 😀

ऐरोली_पाइपिंग
वागळे, की-वेला टँजंट प्लेन बरोबर आहे, कारण तिथून आपण आत कापतो. इथे बाहेर वाढवायचंय. ६ इंची पाइप म्हणजे बाहेरून १६८.३, ब्रँच ६०.३. टँजंट प्लेन पाइपला फक्त एका रेषेवर टेकतो. वर्तुळाच्या कडेला पाइप त्याच्याखाली साधारण ५.६ मिमी गेलेला असतो. तिथून बाहेर एक्स्ट्रूड केलं की खाली फट राहते. मग सॉलिडवर्क्स झिरो थिकनेसची तक्रार करतं, नाहीतर दोन बॉडी वेगळ्या राहतात.

बरं, आतल्या बाजूलाही वाढवून फट बुजवली, तरी दुसरी गोम आहेच. टँजंट प्लेनवर गोल काढून तो ६० अंशांत तिरका ओढला की पाइप गोल राहत नाही. झुकावाच्या दिशेने तो ५२.२ चाच होतो, लंबगोल. डोळ्यांना कळत नाही. असेंब्लीत फ्लँज कॉन्सेंट्रिक मेट घेत नाही, तेव्हा कळतं.

म्हणून वर्तुळाचा विचार शेवटी करा, आधी ब्रँचची मध्यरेषा उभी करा. हेडरच्या गोल फेसवरून अ‍ॅक्सिस घ्या. त्या अ‍ॅक्सिसमधून जाणारा, वरच्या दिशेशी ३५ अंश करणारा प्लेन बनवा. हेडरची आणि ब्रँचची, दोन्ही मध्यरेषा याच प्लेनमध्ये असतात, हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सरळ आहे. फ्लँजच्या तोंडाची गोल कड निवडून तिच्या केंद्रावर रेफरन्स पॉइंट घ्या. आता या प्लेनवर स्केच उघडा, त्या पॉइंटपासून अ‍ॅक्सिसवर ४५० मोजा आणि तिथून ६० अंशांत रेषा काढा, ब्रँचच्या फ्लँजच्या तोंडापर्यंत जेवढी लांबी असेल तेवढी. रेषेच्या वरच्या टोकाला, रेषेला काटकोनात दुसरा प्लेन. वर्तुळ त्यावर. तिथून हेडरच्या दिशेने `Up To Surface`, हेडरचा बाहेरचा फेस निवडून.

मग त्याच प्लेनवरून ५२.५ चं भोक कापायचं, पण हेडरच्या आतल्या फेसपर्यंतच. `Through All` दिलंत तर पलीकडची भिंतही फुटेल.

वागळे_डिझाइन
लंबगोलाचं लक्षात आलं नव्हतं. पण एक सांगा, अ‍ॅक्सिस वेगळा कशाला? `Temporary Axes` चालू करा, प्रत्येक गोल फेसला तो असतोच.

ऐरोली_पाइपिंग
चालतो. माझा स्वतःचा अ‍ॅक्सिस यासाठी, की ट्रीमध्ये नाव देऊन ठेवता येतं आणि पुढचा माणूस शोधत बसत नाही. सवयीचा भाग आहे.

रबाळे_ड्राफ्टिंग
एक अडचण. स्टेप फाइलमधला हेडर जागेवर तिरका आलाय. Top प्लेन कशालाच समांतर नाही. मग ३५ अंश कशापासून मोजू?

ऐरोली_पाइपिंग
हा खरा प्रश्न. Top, Front विसरा, शून्य पार्टमधूनच काढा. तुमच्याकडे फ्लँजची भोकं आहेत ना? ६ इंची १५० क्लासला आठ भोकं. प्रथेप्रमाणे ती मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना असतात, नेमकी माथ्यावर कधीच नाही. म्हणजे माथ्याला सर्वात जवळचं भोक २२.५ अंशांवर.

घड्याळाच्या बाजूच्या त्या भोकाच्या केंद्रावर पॉइंट घ्या. अ‍ॅक्सिस आणि पॉइंट, दोन्हींतून जाणारा प्लेन बनवा. आता त्याच अ‍ॅक्सिसमधून, या प्लेनपासून १२.५ अंशांवर दुसरा. झाले ३५.

सांभाळायचं ते `Flip offset`. उलट्या बाजूला वळला तर ब्रँच १० अंशांवर जाते. ३५ आणि १० मधला फरक झूम केलेल्या स्क्रीनवर सहज निसटतो. सरळ डाव्या फ्लँजकडून बघा आणि Measure ने भोकाचा प्लेन व ब्रँचची रेषा तपासा. भोक माथा आणि ब्रँच यांच्या मध्ये दिसलं पाहिजे. आणि माथ्याजवळची दोन भोकं नेमकी कुठली, हे फाइल सांगणार नाही. पार्टीला विचारा, नाहीतर हेडरवर दुसरं काही, सपोर्टची प्लेट वगैरे असेल तर तिच्यावरून ठरवा.

घणसोली_फ्यूजन
फ्यूजनमध्येही हेच, फक्त शेवटचा प्लेन `Plane Along Path` ने घ्यायचा. रेषा निवडली की काटकोनातच येतो.
माझा प्रश्न: माझ्याकडे शाम्पूच्या बाटलीचा आकार आहे. अ‍ॅक्सिस नाही, भोक नाही. वळणदार पोटावर लोगो उठवायचाय.

ऐरोली_पाइपिंग
पोटावर आधी पॉइंट ठेवा आणि तिथे `Plane Tangent to Face at Point`. त्याला समांतर, बाहेर २०-२५ मिमीवर ऑफसेट प्लेन घेऊन लोगो त्यावर काढा आणि फेसवर `Emboss` करा. पोटाला दोन्ही दिशांनी बाक असेल तर कडेची अक्षरं ओढल्यासारखी दिसतील, त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

रबाळे_ड्राफ्टिंग
प्लेन जमले, ब्रँच बसली. सपोर्टच्या प्लेटवरून माथा ठरला. आता ४५० कुठपर्यंत? मध्यरेषा जिथे छेदतात तिथपर्यंत, की ब्रँच पाइपच्या पाठीवर उतरते तिथपर्यंत?

ऐरोली_पाइपिंग
बहुतेक मध्यरेषेपर्यंत. पण ६० अंशांत दोन्हींत ४८.६ चा फरक येतो, म्हणून गृहीत धरू नका.

वागळे_डिझाइन
आमच्याकडे तर पाठीवरचंच देतात.

कोपरी_मिलिंग
आता मी बोलतो. पाइपच्या आतल्या मध्यरेषेवर टेप लागत नाही ताई. फिटर पाठीवरच खूण करणार. मध्यरेषेचं ४५० असेल, तर पाठीवरचं ४९८.६ सुद्धा ड्रॉइंगवर लिहून द्या.

रबाळे_ड्राफ्टिंग
लिहिते काका. पार्टीला मेल टाकलाय, उत्तर आलं की तेच माप पक्कं करते.